पिशवीच्या तोंडावर सीआयएन २, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा बदल, आलाय. लीप करून तेवढा भाग तारेने कापून घेऊ की जाळायचं थर्मल अ‍ॅब्लेशन?

रानजाई
वय ३४, नाशिक. मुलगी अडीच वर्षांची, आणखी एक मूल हवंय. एचपीव्ही विषाणूचा १६ नंबरचा प्रकार पॉझिटिव्ह, पॅप तपासणीत एचसिल, म्हणजे जास्त बिघडलेल्या पेशी. गेल्या आठवड्यात कोल्पोस्कोपी, म्हणजे पिशवीच्या तोंडाची दुर्बिणीने तपासणी, झाली. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभर थांबल्यावर डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं: घड्याळात १२ ते ३ वाजतात तेवढ्या भागात रांगोळी सांडल्यासारखा पांढरा डाग, कडा ठळक. आयोडीन लावलं तर बाकी सगळं गडद तपकिरी झालं, डाग तेवढा पिवळा राहिला. दोन तुकडे घेतले, रिपोर्ट सीआयएन २. डॉक्टर लीप म्हणतायत. पण लीपने पुढच्या वेळी दिवस भरायच्या आत बाळंतपण होतं असं वाचलं. मग जाळून घेतलेलंच बरं ना?

बोरकूट
मलाही पांढरं जायचं. काढा घेतला, दोन महिन्यांत थांबलं. एवढं घाबरू नकोस.

रानजाई
ताई, अंगावरून जातं ते नाही. अ‍ॅसिड लावल्यावर पिशवीच्या तोंडावर उमटलं ते.

मनमौजी
आमच्या हिचं शिबिरात झालं. पांढरं दिसलं, त्याच दिवशी गरम प्रोब टेकवला, मिनिटभराचं काम. भूल नाही, टाका नाही. गुण दोन्हींचा सारखाच येतो, लीप म्हणजे उगाच खर्च.

दुर्बीणवाली
मनमौजी, निम्मं बरोबर आहे. डाग सगळा बाहेर दिसत असेल तर अ‍ॅब्लेशन चांगलंच. पण प्रोब जिथवर टेकतो तिथवरच जळतं, आणि जळलेलं पॅथॉलॉजीला पाठवता येत नाही. आत काही दडलं असेल तर ते कायमचं कळायचं राहतं.

रानजाई, नुसत्या पांढऱ्यावर जाऊ नकोस. पेशी नव्याने बदलत असल्या तरी फिकट पांढरं येतं, मी असे कित्येक तुकडे घेतलेत आणि नॉर्मल आलेत. दाट पांढरं, ठळक कड, वर १६ नंबर, म्हणून तुझं गांभीर्याने घ्यायचं. आता कोल्पोस्कोपीच्या कागदावर 'ट्रान्सफॉर्मेशन झोन टाइप', म्हणजे पेशी बदलतात तो पट्टा तोंडातून आत जाणाऱ्या कॅनालमध्ये किती शिरलाय, काय लिहिलंय ते बघ. आणि डागाची वरची कड दिसली का?

रानजाई
टाइप ३. 'डाग कॅनालमध्ये जातो, वरची कड दिसत नाही.'

दुर्बीणवाली
मग जाळणं बाद. सीआयएन २ आणि मूल हवं असेल तर कधीकधी काहीच न करता दर सहा महिन्यांनी बघतात, पण तेही कड पूर्ण दिसत असेल तरच. दोन तुकडे बाहेरचे आहेत, आत सीआयएन ३ किंवा त्याहून पुढचं नाही असं ते सांगू शकत नाहीत.

वेळेआधी बाळंतपणाची भीती खोटी नाही, पण सगळा प्रश्न खोलीचा आहे. बाहेरच्या डागाला ७ ते १० मिलिमीटर पुरतात. टाइप ३ ला १५ च्या पुढे जावं लागतं, आणि जितकं खोल तितका धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांना एक विचार: एंडोसर्व्हायकल स्पेक्युलमने कॅनालचं तोंड उघडून पाहिलं होतं का? ते चिमट्यासारखं असतं. पुष्कळदा घाईत राहून जातं. उघडल्यावर कड दिसली तर टाइप ३ चा टाइप २ होतो आणि कमी कापून भागतं.

मोगरा७९
माझं लीप झालंय, सीआयएन ३ होतं. तोंडाला इंजेक्शन दिलं, पंधरा मिनिटांत घरी. नंतर कॉफीच्या चोथ्यासारखं काळं जातं, ते रक्त थांबवायच्या औषधाचं असतं. हे कुणी सांगितलं नव्हतं, मी रडले होते. नवव्या दिवशी खपली पडून परत रक्त आलं. तासाला पॅड भिजायला लागलं तर मात्र लगेच जा. चार आठवडे संबंध नाहीत. माझ्या रिपोर्टात कापलेल्या तुकड्याची एक कड पॉझिटिव्ह आली होती, म्हणजे तिथे बिघडलेल्या पेशी होत्या, तरी लगेच परत कापलं नाही. सहा महिन्यांनी एचपीव्ही केली, निगेटिव्ह.

रानजाई
सासूबाई म्हणतात पिशवीच काढून टाक.

दुर्बीणवाली
तुकडा बघितल्याशिवाय अजिबात नको. आत कॅन्सर निघाला तर साधी पिशवी काढणं हे चुकीचं ऑपरेशन ठरतं, आणि पुढचे उपचार अवघड होतात.

मनमौजी
हिचं टाइप काय होतं ते कागदावर लिहिलेलंच नाही. आता?

दुर्बीणवाली
शिबिरात लिहिलं नसलं तरी बघून केलं असेल. वर्ष झालं असेल तर एचपीव्ही करून घ्या.

रानजाई
विचारून आले. कॅनाल उघडून पाहिलं नव्हतं. लीपच्या दिवशी टेबलवर आधी तेच करणार आहेत, कड दिसली तर कमी कापतील. दिसली नाही तर किती, यावर ते म्हणाले, 'तेव्हा बघू.' पुढच्या मंगळवारी आहे.