चीजकेकला भेग पडते, ओटीजीत काय बदलू?

कॉलेजरोडची: २८ लिटरचा ओटीजी, ७ इंची स्प्रिंगफॉर्म टिन. क्रीम चीज ४५० ग्रॅम, चक्का १५० ग्रॅम, साखर १३० ग्रॅम, अंडी ३. १८० अंशांवर ५० मिनिटं, दोन्ही रॉड चालू. मधोमध बोटभर भेग. काय चुकतंय?

गोदाकाठ: ओव्हनमध्ये खाली पाण्याची वाटी ठेवा. वाफेमुळे भेग पडत नाही.

पंचवटीकर: वाफेने वरचा थर सुकत नाही, एवढंच. कडा मात्र तशाच तापतात. टिन पाण्यात बसला की कडेला शंभर अंशांच्या वर उष्णता पोचत नाही, खरा फायदा तो.
ताई, भेग कधी दिसली? आत फुगलेला असतानाच की बाहेर काढल्यावर?

कॉलेजरोडची: बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत. ओटा खिडकीजवळ आहे.

पंचवटीकर: मग दोन गोष्टी झाल्यात. १८० अंशांना अंडं गरजेपेक्षा जास्त घट्ट झालं. त्यात जानेवारीतला नाशिकचा गार वारा. केक झपाट्याने आकसला, कडा टिनला चिकटलेल्या, मग ताण मधेच सुटणार.
आता असं करा. अंडी शेवटी, एकेक करून, मिसळण्यापुरतीच फिरवा; हवा भरली की केक फुगतो आणि मग बसतो. टिनला बाहेरून जाड फॉइलचे दोन थर लावा, टिन मोठ्या ट्रेमध्ये ठेवा आणि उकळतं पाणी टिनच्या अर्ध्या उंचीपर्यंत ओता. १५० अंश, साधारण ६० मिनिटं. वरचा रंग लवकर आला तर वरचा रॉड बंद. ओटीजीचा काटा बऱ्याचदा खोटं बोलतो, म्हणून आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवा.
टिन हलकेच हलवल्यावर कडा स्थिर आणि मधला दोन इंचांचा भाग जेलीसारखा थरथरला की बंद करा. घट्ट होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. दाराला लाकडी चमचा अडकवून तासभर आतच राहू द्या. मग कडेने पातळ सुरी फिरवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये.

द्राक्षबाग: जिलेटिन घाला, बेक करायचीच गरज नाही.

गोदाकाठ: ते वेगळं प्रकरण, प्रश्न बेक केलेल्याचा आहे.

इंदिरानगर४२२: फॉइलमधूनही पाणी शिरतं, बिस्किटाचा तळ ओला होतो. टिन जरा मोठ्या साध्या केक टिनमध्ये बसवून तो पाण्यात ठेवा.

पंचवटीकर: चालेल, पण मधे हवेचा थर राहतो, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील. मी फॉइलच वापरेन.

इंदिरानगर४२२: आणि मी दुसरा टिन. आमच्याकडे अंडं चालत नाही, कंडेन्स्ड मिल्क आणि कॉर्नफ्लॉरवर करते. त्यालाही थरथरण्याचीच खूण धरायची का?

पंचवटीकर: थरथर बघाच, पण अंड्याशिवाय ती थोडी वेगळी दिसते. नेमकी किती, ते कोणी अंड्याविना नेहमी करणाऱ्यांनी सांगावं.

कॉलेजरोडची: ट्रे १० इंची आहे, टिन बसतोय. एक शंका, पाणी आधी ओतून ट्रे आत सरकवू की आत ठेवून ओतू?

पंचवटीकर: आत ठेवून, किटलीने. भरलेला ट्रे उचलायला जाऊ नका.