रिसेप्शनच्या भाषणात गेलेल्या बाबांचा उल्लेख कसा केलात? (आणि वेगळे झालेले आई-वडील समोर असतील तर?)

करवली
दादाचं लग्न येत्या डिसेंबरात, नाशिकला. रिसेप्शनला चार मिनिटं मी बोलायचं असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. बाबा 2021 च्या मेमध्ये गेले. मसुद्याची सुरुवात 'आज बाबा असते तर त्यांना किती आनंद झाला असता' अशी केली, पण ते वाक्य घरी आरशासमोरसुद्धा पुरं होत नाही. त्यात होणाऱ्या वहिनीच्या आई-वडिलांचा घटस्फोट झालाय. दोघंही येणार आहेत, वडील दुसऱ्या पत्नीला घेऊन. तुमच्यापैकी कोणी असं भाषण केलं असेल तर सांगा. फसलेलं असलं तरी चालेल, उलट तेच आधी सांगा.

ठाण्याची काकू
माझं स्पष्ट मत, शुभकार्यात गेलेल्या माणसाचं नाव काढू नये. आई बिचारी दिवसभर हसतमुखाने उभी असते, तिला स्टेजवरून कशाला रडवायचं? फोटोला हार घाला, घरून निघताना नमस्कार करा, झालं.

माइकवाला
18 वर्षं रिसेप्शनचं निवेदन करतोय. काकूंचं अर्धं बरोबर आहे. नाव घेतल्याने काही बिघडत नाही, चुकीच्या जागी घेतलं की बिघडतं. बहुतेक जण वडिलांची आठवण शेवटासाठी राखून ठेवतात. मग बोलणारा रडतो, आई रडते, माइक माझ्या हातात येतो आणि मला म्हणावं लागतं, 'जेवण तयार आहे.' याहून वाईट वाक्य नाही.

आठवण पहिल्या मिनिटाच्या आसपास येऊ दे. चार मिनिटांत आपण साधारण चारशे शब्द बोलतो, त्यातले चाळीस-पन्नास बाबांचे. 'असते तर' पूर्ण काढून टाक. ते वाक्य लोकांना रिकामी खुर्ची दाखवतं आणि पुढे जायला वाट ठेवत नाही. त्याऐवजी एखादी सवय सांग, 'बाबा असं करायचे' अशी. 'करायचे' म्हटलं की ते गेलेत हे हॉलला आपोआप कळतं, 'कैलासवासी' म्हणायची गरज उरत नाही. आणि सवय थोडी हसू येणारी असावी. लोक हसतात तेव्हा तुला श्वास घ्यायला जागा मिळते. लगेच पुढचं वाक्य समोर बसलेल्या माणसावर यायला हवं, म्हणजे आईवर.

दोन कामं आदल्या दिवशीची. ते नेमकं वाक्य आईला वाचून दाखव. आणि डीजेला बजाव की मागे बासरी नको. न सांगता ते हमखास लावतात.

गुरुजींची लेक
काकू, राग मानू नका, पण लग्नाच्या आधी पुण्याहवाचनाबरोबर नांदीश्राद्ध होतं ना, त्यात घरातल्या गेलेल्यांचं, पितरांचं स्मरण करूनच आशीर्वाद मागतात. म्हणजे शुभकार्यात गेलेल्यांची आठवण चालत नाही असं शास्त्राच्या अंगाने म्हणता येणार नाही. आईला त्रास होईल हा मुद्दा मात्र वेगळा, आणि तो आईलाच विचारायचा.

मडगावकार
आमच्याकडे टोस्ट असतो. भावाच्या लग्नात तो मी दिला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. सगळ्यांच्या हातात ग्लास असताना मी म्हटलं, 'आईसाठी एक मिनिट शांत राहूया.' तीनशे माणसं ग्लास उंचावून उभी. खाली ठेवायचा की वर धरायचा, कोणालाच कळेना. बँडवाल्याला वाटलं माझं संपलं, त्याने दणक्यात सुरुवात केली. वडील अजून तो किस्सा सांगून हसतात, पण त्या रात्री हसले नव्हते. मौन पाळायचं असेल तर ते सकाळच्या मिसामध्ये. हॉलमध्ये नाही.

पत्रिकेचा घोळ
आमचाही हाच प्रश्न! वडिलांच्या नावाआधी 'कै.' लिहायचं, की आईच्या एकटीच्या नावाने निमंत्रण द्यायचं? छापखानावाला रोज फोन करतोय.

माइकवाला
दादा, इथे भाषणाचं चाललंय. पण दोन्ही पद्धती पाहिल्यात. निमंत्रक जिवंत माणूस असावा, म्हणजे आई. 'कै. अमुक यांचे चिरंजीव' असं नवऱ्या मुलाच्या नावाखाली येतं.

एडिसनकर
घटस्फोटाचं मी सांगते, कारण माझ्याच लग्नात झालं. न्यू जर्सीत रिसेप्शन. एमसीच्या ठरलेल्या कागदावर 'वधूचे आई-वडील' अशी एकच ओळ. त्याने पुकारा केला, 'दोघांनी एकत्र पुढे यावं.' ते नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. आई अर्धवट उठून परत बसली आणि बाबा माइकपाशी एकटेच पोचले.

धाकट्या बहिणीच्या वेळी एमसीला दोन ओळी मीच लिहून दिल्या. आधी आईचं नाव, मग सासरची मंडळी, मग बाबा आणि त्यांची पत्नी, तीही तिच्या नावाने, 'बाबांचं कुटुंब' असं मोघम नाही. तिला काय म्हणून हाक मारायची हे बहिणीला आधी विचारलं. भाषणात 'आई-बाबांनी मिळून आम्हाला वाढवलं' हे वाक्य काढलं. खोटं वाक्य पहिल्या रांगेला लगेच कळतं. त्याऐवजी दोघांचे वेगवेगळे आभार, प्रत्येकाचं एकेक काम सांगून. आईने रात्री बसून गणित घेतलं, बाबांनी गाडी शिकवली. आणि 'झालं गेलं विसरून आज सगळे एकत्र आलेत' असं चुकूनही नाही. कोणी विसरलेलं नसतं. स्लाइड शोमधला चौघांचा महाबळेश्वरचा फोटोही बहिणीला विचारून काढला.

सडेतोड
आणि ज्या बापाने काहीच केलं नाही त्याचं काय? माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना घर सोडून गेले ते गेलेच. लग्नाला आले, जेवले. मी भाषणात फक्त आईचं आणि मामाचं नाव घेतलं. नातेवाईक अजून टोमणे मारतात. मला काही वाटत नाही.

एडिसनकर
'लग्नाला आल्याबद्दल आभार' एवढं एक वाक्य चाललं असतं, असं मला वाटतं. खोटंही झालं नसतं.

सडेतोड
तुम्हाला वाटतं. मला नाही.

करवली
लग्न झालं. शेवटी हे बोलले:

'बाबांना लग्नाच्या जेवणात फक्त मठ्ठा आवडायचा. पंगत उठली तरी ते वाटी घेऊन बसलेले असायचे आणि वाढपी त्यांना घाबरायचे. दादाने आज मेनूत जिलबीच्या आधी मठ्ठा लिहायला लावला. पण हॉलच्या पहिल्या पावतीपासून सगळं उभं केलं ते आईने, तेव्हा तक्रारी तिच्याकडे.'

लोक हसले. 'आईने' म्हणताना आवाज गेलाच. मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद हातात होता, खाली बघून पुढची ओळ वाचली. आदल्या रात्री आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली होती, 'वाटी नाही, दोन वाट्या.' ते घालायचं राहिलं.

वहिनीच्या बाजूचं तिनेच लिहून दिलं, मी फक्त वाचलं. आईचे आभार, मग वडिलांचे. त्यांच्या पत्नीचं नाव तिने कागदावर लिहून परत खोडलं होतं. मी ते घेतलं नाही. त्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाहीये.