पुराची स्वप्नं: आमच्या मावशीचा अनुभव

> "पुराला दोन महिने झाले तरी आई रात्री ओरडत उठते. स्वप्नच ते, जाईल ना आपोआप?"

दोन महिने म्हणजे आता दाखवाच. 2019 च्या महापुरानंतर सांगलीवाडीच्या आमच्या मावशीचं असंच झालं होतं. साधं वाईट स्वप्न बहुधा पहाटे पडतं, त्यात काहीबाही मिसळलेलं असतं आणि चहा होईस्तोवर विसरायला होतं. मावशीला मात्र रोज तेच दिसायचं: जिन्याच्या पायऱ्या चढणारं पाणी आणि दावणीला हंबरणारी म्हैस. कधीकधी तर झोप लागून दीड तासही झालेला नसायचा. पोलकं घामानं भिजायचं. परत झोपायची भीती, म्हणून ती मध्यरात्री भांडी घासत बसायची. (आम्ही आधी दृष्टच काढली, खोटं कशाला सांगू!)

पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे. पण महिना उलटला, माणूस झोपेलाच घाबरू लागला, नदीकडची वाट टाळू लागला, की मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. मावशीला त्यांनी दिवसाउजेडी स्वप्नाचा शेवट बदलायला लावला: ती स्वतः दावं कापते आणि म्हैस पोहत उंचावर जाते. हा नवा शेवट रोज 10-15 मिनिटं डोळ्यांपुढे आणायचा. काही आठवड्यांत स्वप्नं विरळ झाली, पार गेली नाहीत.

आई "जगणं नको" असं काही बोलल्या, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. रात्र असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा.