मोबाइल वेबकॅम: केबलने तापतो, वायफायवर चित्र मागे पडतं

मदत हवी आहे. जळगावात दहावीच्या गणिताचा ऑनलाइन तास, दीड तासाचा. अँड्रॉइड 12 चा मोबाइल वहीवर स्टँडला आडवा लावून ड्रॉइडकॅमने विंडोज 10 लॅपटॉपला जोडलाय, आवाज लॅपटॉपच्या माइकवरून.

वायफायवर चित्र आवाजाच्या मागे पडतं. लॅपटॉप फक्त 2.4 गिगाहर्ट्झ पकडतो, शेजारचे राउटरही त्याच पट्ट्यात. 720p चं 480p केलं तर घातांकच दिसेनात!

USB debugging चालू करून केबल लावली की उशीर जातो. पण केबलमधून चार्जिंगही चालू राहतं, त्यात मे महिन्याचं ऊन. अर्ध्या तासात मोबाइल तापून कॅमेरा बंद. कव्हर काढून पंखा लावला, फरक थोडाच. बॅटरी दीड तास सहज पुरते.

मग रूट न करता, डेटा चालू ठेवून चार्जिंग तेवढं थांबवता येईल का?