शब्दचर्चा : 'बिएने' की 'बेंगा'?

कैरी : स्पॅनिशच्या वर्गात काल अडकले. 'क्रेओ के बिएने' म्हणजे 'तो येईल असं वाटतं'. पण 'नो' लागलं की 'नो क्रेओ के बेंगा'. मराठीत 'तो येईल असं वाटत नाही' म्हणतानाही 'येईल'च राहतं. मग तिथे क्रियापदाचं काय बिघडतं?

तिरपागडा : सोपं आहे. खात्री असली की बिएने, नसली की बेंगा.

गोदाकाठ : अर्धंच बरोबर. 'क्रेओ'त तरी खात्री कुठे आहे, नुसतं 'वाटतं'च ना? आता हे बघा. 'से के एस्तास आकी' : तू इथे आहेस हे मला ठाऊक आहे. 'मे आलेग्रो दे के एस्तेस आकी' : तू इथे आहेस याचा आनंद वाटतो. माणूस समोर बसून चहा पितोय, शंकेला जागाच नाही; तरी 'एस्तास'चं 'एस्तेस' झालं. मी स्वतःला एवढंच विचारतो : 'के'च्या पुढची गोष्ट मी बातमी म्हणून सांगतोय का? 'से', 'क्रेओ' म्हटलं तर हो. 'नो क्रेओ'त ती बातमी मी द्यायलाच तयार नाही. आणि आनंदाच्या वाक्यात तू इथे असणं दोघांना माहीतच आहे, बातमी माझ्या आनंदाची.

रात्रपाळी : मेक्सिकोच्या ग्राहकांना मेल लिहितो. दोन वर्षं सुरुवात 'एस्पेरो के एस्तास बिएन' अशी करायचो. तिकडच्या एका बाईंनी उत्तरात नुसतं 'एस्तेस' लिहून पाठवलं. पुढे एक अक्षर नाही. कानकोंडा झालो.

गोदाकाठ : 'एस्पेरो' म्हणजे आशा, तिथे 'एस्तेस'च. इच्छेच्या बाबतीत मराठी कामाला येते. 'किएरो बेनिर' : मला यायचंय. 'किएरो के बेंगा' : त्यानं यावं असं मला वाटतं. येणारा दुसरा झाला की 'के' आलं आणि रूप बदललं. स्वतःच्या येण्याबद्दल 'किएरो के यो बेंगा' कोणी म्हणत नाही.

कैरी : म्हणजे तोंडात 'यावं' आलं की बेंगा?

गोदाकाठ : इच्छेपुरतं. 'तो आला याचा आनंद' म्हणताना 'यावं' कुठून आणणार? तिथे मराठी हात वर करते.

जास्वंद : पण बेंगा म्हणजे 'चल, आटप' ना? स्पेनच्या मालिकांत दर दोन मिनिटांनी ऐकते.

गोदाकाठ : रूप तेच. कोणाला आदरानं 'या' म्हणायचं तर 'बेंगा'च. तिथूनच 'चला, बरं' असं झालं. पण कैरीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

तिरपागडा : बरं, 'नो दुदो के'चं काय? 'शंका नाही' म्हणजे बिएने. इथे तरी माझा नियम टिकला!

गोदाकाठ : बिएने चालतं. पण 'नो दुदो के बेंगा'ही लोक म्हणतात, तेही चांगलं लिहिणारे.

रात्रपाळी : आणि आमचे मेक्सिकोवाले प्रश्न विचारताना 'क्रेएस के बेंगा?' म्हणतात. वर्गात मात्र 'क्रेएस के बिएने?' शिकवलं होतं.

गोदाकाठ : मेक्सिकोत ते सर्रास आहे. स्पेनमध्ये शिकलेल्या कोणी यावर लिहिलं तर बरं होईल.