हप्ता ११ दिवस उशिरा भरला, दंड माफ करून घ्यायचा आहे. अर्ज कसा लिहू?

निवांत
वैयक्तिक कर्ज सप्टेंबर २०२४ मध्ये घेतलं. हप्ता १८,४०० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला दुसऱ्या बँकेतल्या पगार खात्यातून कापला जातो. १४ हप्ते वेळेवर गेले. २ डिसेंबरला वडिलांना अचानक दवाखान्यात भरती करावं लागलं, ६०,००० अनामत त्याच खात्यातून भरली, म्हणून ५ तारखेचा हप्ता परत गेला. १६ तारखेला भरला. आता कर्जखात्यावर दोन आकार आहेत: बाउन्स ५९० आणि 'लेट पेमेंट पीनल' ७०८. शाखेत "सिस्टीमने लागतं, आमच्या हातात नाही" एवढंच म्हणाले.

रानमांजर
रिझर्व्ह बँकेने दंडव्याज बंदच केलंय. दोन्ही रकमा परत मागा. माफी कसली मागताय?

हिशेबनीस
रानमांजर, अर्धंच बरोबर आहे. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने व्याजदरात दंडाची भर घालणं थांबवलं. दंड आकार म्हणून घेता येतो, पण तो वाजवी हवा, आधी सांगितलेला हवा आणि त्याच्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. १ एप्रिल २०२४ नंतरच्या नव्या कर्जांना हे सरळ लागू आहे. म्हणजे दंड लावणंच बेकायदा, असं नाही.

निवांत, अर्ज लिहिण्याआधी एक बघा. ७०८ म्हणजे ६०० अधिक १८ टक्के जीएसटी. कर्जाच्या अटी मोडल्याबद्दल बँक घेते त्या दंडावर जीएसटी लागत नाही, हे जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात स्पष्ट झालं आहे. तेव्हा १०८ रुपये मुळातच चुकीचे. आता 'की फॅक्ट स्टेटमेंट' काढा. त्यात दंडाचा दर काय आहे?

निवांत
"थकीत हप्त्यावर दरमहा २ टक्के." किमान रक्कम कुठेच लिहिलेली नाही.

हिशेबनीस
मग पूर्ण महिन्याचे ३६८ होतात, ११ दिवसांचे साधारण १३५. सहाशे आले कुठून, हे बँकेने सांगायला हवं. म्हणून एकाच अर्जात दोन वेगळे परिच्छेद करा. पहिला दुरुस्तीचा, दुसरा विनंतीचा. दोन्ही एकत्र कालवले की अधिकारी सगळंच 'माफी नामंजूर' म्हणून बंद करतो.

पहिला असा: "की फॅक्ट स्टेटमेंटनुसार दंड अंदाजे १३५ रुपये होतो. ७०८ रुपयांची आकारणी कशी केली ते लेखी कळवावे आणि जादा रक्कम जीएसटीसह परत जमा करावी."

दुसरा: "२ डिसेंबरला वडिलांना तातडीने भरती केल्याने हप्त्याची रक्कम अनामतीत गेली. यापूर्वीचे सर्व १४ हप्ते वेळेवर भरले आहेत आणि थकलेला हप्ता १६ तारखेला पूर्ण भरला आहे. हे पाहता उर्वरित दंड व बाउन्स आकार ५९० रुपये एक वेळची सवलत म्हणून माफ करावा."

सोबत अनामतीची पावती आणि ती रक्कम गेल्याचं दिसणारं खातेउताऱ्याचं एक पान. दवाखान्याची अख्खी फाइल नको, आजाराचं वर्णनही नको. तारखा जुळल्या की पुरे. "आर्थिक अडचण" हे शब्द टाळा. वाचणाऱ्याला पुढचा हप्ताही थकेल असं वाटतं. अर्ज ईमेलने पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या.

कोकणकडा
माझ्या क्रेडिट कार्डाचं बिल दोन दिवस उशिरा भरलं तरी लेट फी लागली. हाच मसुदा चालेल ना?

हिशेबनीस
नाही. ऑगस्ट २०२३ चं ते परिपत्रक कार्डांना लागू नाही. पण कार्डावर थकबाकी तीन दिवसांहून जास्त राहिली तरच लेट फी लावता येते, तेवढा एकच मुद्दा तुम्हाला पुरे आहे.

निवांत
अर्ज पाठवते. पगार खात्याच्या बँकेनेही हप्ता परत गेल्याचे पैसे कापलेत, तेही यातच लिहू?

हिशेबनीस
नको. तो त्या बँकेचा आकार, त्यांच्याकडे वेगळा अर्ज करा. कर्जाच्या बँकेला मात्र आणखी एक विचारा: १६ तारखेचे १८,४०० पूर्ण हप्त्यातच धरले का? काही ठिकाणी आधी आकार वळते होतात, हप्ता थोडा अपुरा राहतो आणि दंडाचं मीटर चालूच राहतं.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिथे पहिल्या परिच्छेदाला वजन आहे. माफी हा बँकेच्या मर्जीचा भाग, त्यात लोकपाल सहसा पडत नाही.

रानमांजर
आणि सिबिल? दंड माफ झाला की ती नोंदही निघते ना?

हिशेबनीस
निघत नाही. हप्ता उशिरा गेला हे खरंच आहे. बँका दर पंधरवड्याला माहिती पाठवतात आणि १५ तारखेला हा हप्ता थकलेलाच होता, त्यामुळे नोंद दिसण्याची शक्यता आहे. दिवस चुकीचे दाखवले असतील तरच दुरुस्ती मागता येईल.

निवांत
पुढच्या महिन्यात अहवाल काढून इथेच लिहिते.