मदत हवी आहे: रागात पाठवलेल्या मेसेजची माफी कशी मागू?

हिशेबातली: भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते. १४ तारखेला जीएसटीचं टू-बी, म्हणजे सप्लायरांनी रिटर्नमध्ये दाखवलेल्या बिलांची यादी उघडली, तर एका सप्लायरचं १,१८,००० चं बिल नव्हतं, म्हणजे १८,००० चं क्रेडिट अडकलं. साहेब ओरडले. त्या तिरमिरीत मी ग्रुपवर लिहिलं, "दर वेळी तुमचा उशीर. जमत नसेल तर काम दुसऱ्याला द्या." ग्रुपवर दोन्हीकडचे मालक आहेत.

त्या सप्लायरकडे हिशेब बघणारे काका साठीचे आहेत. रिटर्न ११ ऐवजी १२ ला भरलं गेलं, तेही आठ वर्षांत पहिल्यांदाच. आधी लेजर पाठवताना "बघून घे पोरी" लिहायचे. आता आठवडा झाला, फक्त "ओके" येतं. मी असं लिहिलंय:

"काका, राग आला असेल तर सॉरी. पण बिल वेळेत चढलं असतं तर ही वेळ आली नसती. साहेबांचं प्रेशर होतं."

पाठवू का?

सह्याद्रीवारा: १२ ला भरलंय ना, मग पुढच्या महिन्याच्या टू-बीत येईल. क्रेडिट बुडत नाही, काळजी नको.

हिशेबातली: ते माहीत आहे हो. प्रश्न काकांचा आहे.

निनाद_क: आधी तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा.

जुना_पर्चेसवाला: आठवड्यानंतर तो पर्याय येतच नाही, आणि काकांनी वाचलंय. ताई, हा मसुदा पाठवू नका. "राग आला असेल तर" म्हणजे चूक त्यांच्या रागाची झाली. "पण"च्या पुढे तुम्ही पुन्हा तेच भांडण काढलंय. उशीर झाला हे खरं, पण त्यांना लागलं असेल ते "दर वेळी", कारण ते खोटं आहे. तेवढंच नाव घेऊन मागे घ्या:

"काका, १४ तारखेला मी 'दर वेळी उशीर' लिहिलं, ते खरं नव्हतं. काम दुसऱ्याला द्या म्हणणंही चुकलं. माफी मागते."

बिलाचं काही काम असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळ्या मेसेजमध्ये. आणि हे ग्रुपवरच टाका. अपमान मालकांसमोर झालाय.

मुक्ता_सांगली: ग्रुपवर नको असं मला वाटतं. मी एकदा तशी माफी मागितली, तर समोरच्या बाईंना सगळ्यांदेखत "असू दे" म्हणावं लागलं. त्या नंतर माझ्याशी मोकळेपणी बोलल्याच नाहीत. आधी फोन करा.

जुना_पर्चेसवाला: फोन जरूर करा. पण नुसत्या फोनने त्यांच्या मालकाच्या मनातलं "दर वेळी" कसं पुसणार?

हिशेबातली: सकाळी फोन केला, उचलला नाही. मग तुमच्या तीन ओळी ग्रुपवर टाकल्या. त्यांच्या मालकांनी अंगठा दिला. काकांचं संध्याकाळी आलं, "ठीक आहे मॅडम", सोबत न मागता या महिन्याचं लेजर. याआधी मला कधी मॅडम म्हणाले नव्हते. उद्या पुन्हा फोन करू, की आता थोडे दिवस जाऊ देऊ?